पहिल्या पावलांच्या फोटोखाली काय लिहावं? (शब्दचर्चा)

आनंदीआत्या

भाचीचा छापील अल्बम करतेय. त्यातल्या एका पानावर ती पहिल्यांदा सुटी चालली तो फोटो आहे. नीट सांगते, म्हणजे शब्द सुचवायला बरं पडेल. तिने दिवाणाची कड सोडली. समोर आजी जमिनीवर बसून मेथी निवडत होती, तिने हात पुढे केले. बाळाचे दोन्ही हात खांद्यांच्या वर, पाय फाकलेले, तोंड उघडं. मागे दादा-वहिनी, आजोबा, शेजारच्या काकू, सगळे ओरडतायत. पुढच्याच क्षणी ती मेथीच्या ढिगात बसली.

मी लिहिलंय ते असं: "अडखळत का होईना, पण आयुष्याच्या वाटेवरचं पहिलं पाऊल! अशीच पडत-उठत पुढे जात राहा, बाळा."

वहिनी म्हणाली, हे शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं वाटतं. मला ते पटलं. ते डुगडुगणं आणि घरचा कल्ला दोन्ही एका-दोन ओळींत यायला हवं. "अडखळत"च्या जागी कोणता शब्द चालेल?

रानजाई

दुडुदुडु! बाळाच्या चालीला मराठीत हाच शब्द आहे, दुसरा शोधायची गरजच नाही. "दुडुदुडु आली आजीकडे."

पंतोजी

रानजाई, शब्द बाळाचाच आहे, पण तो थोडा नंतरचा. दुडुदुडु हे धावणं आहे. आपल्याकडे बाळ दुडुदुडु *धावतं*. तुरुतुरु, लुटुलुटु हेही तसेच. हे जोडशब्द एका लयीत म्हटले जातात, कारण ती चालसुद्धा लयीत असते. पहिल्या दिवशी लय कुठली? एक पाऊल लांब पडतं, दुसरं जागच्या जागी, मग थांबा, मग दोन एकदम. आणि इथे तर मूल पुढच्याच क्षणी मेथीत बसलं. दुडुदुडु महिन्या-दोन महिन्यांनी, ती स्वयंपाकघरातून चमचा घेऊन पळेल त्या फोटोला ठेवा.

आता "अडखळत". अडखळायला पायात काहीतरी यावं लागतं, उंबरा, सतरंजीची कड, नाहीतर बोलताना एखादं अक्षर. ही तर मोकळ्या जमिनीवर चालली. ठेचकाळत म्हटलं की दगड आला. डगमगत म्हटलं की होडी येते, नाहीतर कुणाची तरी निष्ठा. झोकांड्या खात म्हटलं तर काय डोळ्यांसमोर येईल ते सांगायला नको.

राहिले लटपटत आणि डुगडुगत. पाय लटपटतात ते भीतीने किंवा अशक्तपणाने, आजारातून उठलेल्या माणसाचे. डुगडुगतं ते स्टूल, एक पाय आखूड असलेलं टेबल. पडेल-पडेल वाटतं, पण उभं असतं. माझं मत डुगडुगतला. तुम्ही स्वतःच प्रश्न विचारताना तो सहज वापरला आहे, हेही बघा.

कऱ्हाडकर

पंतोजी, बाकी सगळं मान्य, डुगडुगत नाही. आमच्या घरात तो शब्द म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. "आता डुगडुगत चालतात" हे मी वडिलांबद्दल वर्षानुवर्षं बोललो आहे. बाळाच्या फोटोखाली तो वाचला की मला काठी दिसते.

पंतोजी

हे खरं आहे, तो शब्द दोन्ही टोकांना लागतो. माझ्या कानाला बाळाच्या बाजूला जास्त झुकलेला वाटतो, तुमच्या कानाला उलट. यावर कोश उघडून निकाल लागणार नाही.

सुषमा (फिजिओ)

मी रोज लहान मुलांची चाल बघते, म्हणून फोटोबद्दल सांगते. हात खांद्यांच्या वर, कोपरातून वाकलेले, पाय फाकलेले, ही अगदी पहिल्या दिवसांची खूण आहे. हात वर धरून ती तोल सांभाळते. चाल पक्की होत जाते तसे हात खाली येतात आणि पाय जवळ येतात. टाच आधी टेकायला ती पुढे शिकेल, आत्ता सगळा तळवा एकदम आपटतो, म्हणून फरशीवर फट्‌फट्‌ आवाज येतो.

आणखी एक. नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाला सुरू करता येतं, थांबता नीट येत नाही. बसणं हेच त्याचं थांबणं. म्हणून तुमच्या ओळीतलं "पडत-उठत" मला खटकलं. ती पडली नाही, बसली. फोटोत तोंडावर रडू आहे का?

आनंदीआत्या

अजिबात नाही. व्हिडिओ परत पाहिला. आम्ही टाळ्या वाजवल्या, ते बघून तिनेही टाळ्या वाजवायला हात खाली घेतले आणि तिथेच बसली! हे मी आधी बघितलंच नव्हतं.

सुषमा (फिजिओ)

बरोबर, वरचे हात तोलासाठी होते. ते टाळीला गेले, तोल गेला.

माधवराव५८

आमचा नातू चौदा महिन्यांचा झाला. धरून धरून चालतो, पण सुटा चालत नाही. पांगुळगाडा आणावा की ते गोल वॉकर? कोणता शब्द बरोबर ते नंतर बघू.

सुषमा (फिजिओ)

काका, इथे वेगळी चर्चा चालू आहे, तरी थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत मुलं सुटी चालण्याचं वय साधारण 8 महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं आहे. चौदाव्या महिन्यात धरून चालतोय म्हणजे काळजीचं दिसत नाही. अठरा महिने होऊनही सुटा चालला नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्याआधी काही शंका वाटली तरी दाखवायला हरकत नाही. लाकडी पांगुळगाडा मूल स्वतः उभं राहून ढकलतं. तो सपाट जागी, कुणीतरी शेजारी असताना चालेल. मूल आत बसवायचा गोल वॉकर आणू नका. त्यातून मूल जिन्यावरून कोसळतं, आणि चालायला लवकरही येत नाही. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

माधवराव५८

आभारी आहे. सुनेला वाचून दाखवतो.

वैनगंगा

आत्या, तुमच्या ओळीतला उपदेश कुठून येतो ते मला दिसतं. एक "आयुष्याच्या वाटेवर"मधून आणि दुसरा "जात राहा"मधून. आयुष्य, वाटचाल, ध्येय, भरारी हे शब्द आले की बाळ फोटोतून निघून जातं. "पुढील वाटचालीस शुभेच्छा" आपण नगरसेवकाच्या फलकावरही वाचतो आणि निवृत्तीच्या कार्यक्रमातही. तीच ओळ दुसऱ्या कुणाच्याही फोटोखाली चालत असेल तर ती या फोटोची नाही. आणि आज्ञार्थ आला की मोठं माणूस बोट वर करून बोलायला लागतं. त्या क्षणी कुणी असं बोललं होतं का? काय ओरडत होते सगळे?

आनंदीआत्या

व्हिडिओतलं जसंच्या तसं: आई "ये ये ये ये", आजोबा "धरू नका, धरू नका तिला", काकू "अगं बाई!", आणि दादा नुसताच "आलं आलं आलं आलं".

वैनगंगा

मग तुमची ओळ तयारच आहे. जल्लोष, टाळ्यांचा कडकडाट असलं काही लिहू नका. जल्लोष मैदानावर होतो, कडकडाट नाट्यगृहात. घरात होतो तो गलका, आणि गलका सांगण्यापेक्षा ऐकवलेला बरा. "धरू नका, धरू नका तिला" यात तर डुगडुगणंही आलं. मूल डुगडुगत असल्याशिवाय असं कोण ओरडेल?

पंतोजी

हे फार छान. म्हणजे क्रियाविशेषणाची गरजच उरली नाही, आणि कऱ्हाडकरांची काठीही टळली.

दादाचं "आलं" मात्र बदलू नका. मुलगी आहे म्हणून "आली" कराल, पण घरात तान्ह्याला आपण "आलं गं बाळ" असं नपुंसकलिंगीच हाकारतो, मुलगा असो की मुलगी. वर्षभराने ती "आली" होईल. हे "आलं" याच वयाचं आहे.

शार्लटकर

आमच्याकडे वेगळंच झालं. मुलगा चालला तेव्हा घरात आम्ही दोघंच, आणि सांगलीचे आजी-आजोबा फोनच्या पडद्यावर. तो चालला तोही फोनच्या दिशेने. नेटमुळे तिकडचा ओरडा उशिरा पोचला. हा खाली बसल्यावर आजीचं "चाललं, चाललं!" आलं. आम्ही तेव्हा लिहिलं होतं, "अखेर चालला!" त्यावर मामाने विचारलं, कुठे चालला?

पंतोजी

मामांचा प्रश्न रास्त आहे. "चालला" म्हटलं की आपल्याला आधी निघालेला माणूस दिसतो. "गावाला चालला" तसा. म्हणून आपण "चालायला लागला" म्हणतो. पण आजीचं "चाललं, चाललं!" अवतरणात टाकलं तर अर्थ लगेच लागतो, कारण ते ओरडलेलं आहे.

कऱ्हाडकर

आत्या, "पाऊल" ठेवणार असाल तर एक सांगतो. कुणीतरी "पहिलं पाऊल उचललं" सुचवेल. पाऊल उचलतं ते सरकार, महागाईवर वगैरे. बाळ पाऊल टाकतं.

रानजाई

"पाऊल पडलं" कसं वाटतं? माझ्या आजीच्या तोंडी तेच असायचं. आपोआप झाल्यासारखं वाटतं.

कऱ्हाडकर

रानजाई, हे टाकण्यापेक्षाही बरं आहे. त्या वयात टाकलं कमी आणि पडलं जास्त असतं.

आनंदीआत्या

सगळ्यांचं वाचून तीन ओळी केल्या आहेत:

१. "धरू नका, धरू नका तिला!" – आजोबा. दिवाण ते आजीची मेथी.

२. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. आणि बसली.

३. दिवाण सुटला, हात वर, "आलं आलं आलं आलं!" आणि मेथीत फतकल.

वैनगंगा

दुसरी. काही न सांगता डुगडुगणं, घरचे आणि तिचा आनंद तिन्ही त्यात आहेत. पण फोटोत हात अजून वर आहेत, टाळी पुढच्या क्षणाची आहे. व्हिडिओतला टाळीचा क्षण थांबवून तोही फोटो शेजारी लावता आला तर बघा, नाहीतर ओळ आणि चित्र जुळणार नाहीत.

सुषमा (फिजिओ)

मला पहिली. हात वर आहेत आणि "धरू नका" आहे, दोन्ही एकाच क्षणाचे.

पंतोजी

तिसरीतली "फतकल" मला सोडवत नाही. पण फतकल मारतात ती ऐसपैस, मनाने. ही नकळत बसली, म्हणून "बसकण" जास्त जवळचं. तरी फतकलमध्ये तो मेथीवर बसल्याचा आवाज आहे, तो बसकणीत नाही. मी दोन्हींच्या मध्ये अडकलो आहे.

आनंदीआत्या

वहिनीला दुसरी आवडली, आजोबांना अर्थातच पहिली. दोन पानं करते, एकावर हात वर असलेला फोटो, दुसऱ्यावर टाळीचा. आईचं म्हणणं, मेथीचा उल्लेख राहिलाच पाहिजे, कारण ती भाजी त्या रात्री झाली होती.

कऱ्हाडकर

छपाईला देण्याआधी पानाचं शीर्षक तपासा. "पहिली पाऊलं" असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं दिसतं. एक पाऊल, अनेक पावलं.

आनंदीआत्या

बघितलं, नमुन्यात "पाऊलं"च आलं होतं. दुरुस्त करून पाठवलं.