उत्तर: नुकसानीचे मुद्दे आणि मुदतवाढीचे पत्र

> ‘६० टक्के नुकसान’ हा मुद्दा पत्रात तसाच टाकला तर चालेल ना?

पाणी साचून पीक गेल्यामुळे कर्जाच्या हप्त्याला मुदतवाढ मागणाऱ्या पत्रात तो तसाच नको. ६० टक्के क्षेत्राचे की उत्पादनाचे, हे त्यातून कळत नाही. समजा, ५० हेक्टरपैकी ३० हेक्टरवरचे पीक पूर्ण गेले आणि उरलेल्या २० हेक्टरवर निम्मेच हाती येणार. मग बाधित क्षेत्र १०० टक्के आणि उत्पादनातली घट ८० टक्के होते. या उदाहरणात ६० हा आकडा फक्त पूर्ण गेलेल्या क्षेत्राचा, म्हणजे तो तुमचीच बाजू कमकुवत करतो. पत्रात तुमचे खरे आकडे घालून असे लिहा: ‘चार दिवस शेतात पाणी साचल्याने ३० हेक्टरवरील पीक पूर्णतः नष्ट झाले असून उर्वरित २० हेक्टरवर निम्मे उत्पादन अपेक्षित आहे.’ पाणी साचल्याच्या तारखा घाला, पंचनाम्यातले आकडे याच्याशी जुळतात ना तेही पाहा. तफावत दिसली की अर्ज तिथेच अडकतो.

मागणीचे वाक्यही मोघम नको. ‘सहकार्य करावे’ यावरून व्यवस्थापकाला काहीच मंजूर करता येत नाही. कर्ज खाते क्रमांक, कोणता हप्ता, कोणत्या तारखेपर्यंत मुदत हवी, हे स्पष्ट लिहा. ती तारीख पुढच्या पिकाचे पैसे हातात येण्यानंतरची धरा. व्याज आत्ता भरता येत असेल तर तेही नमूद करा. पत्र हप्ता थकण्याआधी पोचवून पोच घ्या.