मदत हवी आहे: मुलाच्या शाळेचा खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात कसा वाटायचा?

आम्ही विभक्त राहतो, मुलगा सहावीत, माझ्याकडे मालवणात. माझा पगार २४,००० रुपये. त्याच्या वडिलांची मासेमारीची होडी आहे. डिझेल, बर्फ, खलाशांचे पैसे वजा जाता वर्षाला ४,३२,००० उरतात, म्हणजे महिना सरासरी ३६,०००. या हिशोबाने वाटा ६०:४० होतो. जूनमधल्या फी, वह्या-पुस्तकं, गणवेशाच्या २०,००० पैकी त्यांचे १२,०००, माझे ८,०००.

पण १ जूनपासून मासेमारी बंद, होडी शाकारलेली. ते म्हणतात, "आता माझी कमाई शून्य, तूच भर." अहो, शाळा काय नारळी पौर्णिमेनंतर उघडते?

सहमतीच्या अर्जात वर्षाची सरासरी धरून प्रमाण लिहावं, आणि जूनचा वाटा त्यांनी हंगामातच दरमहा १,५०० असा आठ महिने वेगळ्या खात्यात टाकावा, असं मला वाटतं. कोणी असं लिहून घेतलंय का? हंगाम बुडाला तर प्रमाण कधी बदलायचं ठरवलंत?