ग्रुप की ईमेल?

> सोसायटीचा निरोप मराठी-इंग्रजी दोन्हींत लिहिला की लांबतो. ग्रुपवर टाकू की ईमेल करू?

मी ऐरोलीत तीन वर्षं सेक्रेटरी होतो. माझी कसोटी साधी: फोनवर दोन्ही भाषा `Read more` न दाबता दिसल्या, तर ग्रुप. मोठा मेसेज व्हॉट्सअ‍ॅप मध्येच कापतं आणि खालची भाषा लपते. ती ज्यांची, त्यांना वाटतं आपल्यासाठी काही नाहीच.

टाकी धुण्याचा निरोप असा जायचा:

"शनि. १४ तारीख, स. १० ते दु. २ पाणी बंद. आदल्या रात्री भरून ठेवा."

खाली तेवढंच इंग्रजीत. 'उद्या' कधीच लिहायचं नाही. कुणीतरी दुसऱ्या दिवशी फॉरवर्ड करतंच.

पार्किंगचं शुल्क बदललं तेव्हा मात्र मी हेच ग्रुपवर करायला गेलो आणि फसलो. मराठीत 'दुसऱ्या गाडीला', इंग्रजीत घाईत नुसतं 'गाडीला'. पहिलीच गाडी असलेले चौघे भांडायला दारात! पैसे, अटी किंवा 'मला कळवलंच नव्हतं' असं पुढे कुणी म्हणू शकेल असं काही असलं, की ईमेलच. विषय दोन्ही भाषांत, परिच्छेदांना सारखे क्रमांक (तपासताना चूक लगेच सापडते), ठराव जोडलेला, आणि फरक पडल्यास कोणती प्रत धरायची तेही लिहिलेलं.

मग ग्रुपवर एकच ओळ: "पार्किंग शुल्काचा ईमेल पाठवलाय, हरकत २० तारखेपर्यंत." रक्कम तिथे टाकू नका, नाहीतर चर्चा तिथेच सुरू होते. ईमेल न उघडणाऱ्या आजोबांसाठी छापील प्रत नोटीस बोर्डावर.