मदत हवी आहे: नदीकाठच्या वाळूवर राफ्ट, म्हणजे घराखालचा सलग काँक्रीटचा पाया, पुरेल का?

निपाणीजवळ वेदगंगेच्या काठी घर बांधायचंय. बोअरमध्ये २ ते ५ मीटरला बारीक, भुसभुशीत वाळू लागली, जमिनीचा घट्टपणा सांगणारी एन व्हॅल्यू फक्त ८. टेस्ट मे महिन्यात झाली, तेव्हा पाणी चार मीटरवर होतं. पावसाळ्यात दीडवर येतं. म्हणजे हिशोब पावसाळी पातळीनेच धरायचा ना?

भीती भूकंपाची आहे: त्यात भिजलेल्या वाळूचे कण दाटू पाहतात, पाणी निसटत नाही, त्याचा दाब वाढतो आणि वाळूची पकड सुटते. ठेकेदार म्हणतो, राफ्ट घाला, बिनधास्त राहा. पण १९६४ ला जपानात निगाताला इमारती फारशा न मोडता आख्ख्याच कलल्या होत्या! मग नुसता राफ्ट काय करणार? आपल्या भागात स्टोन कॉलम, म्हणजे जमिनीत ठासलेले खडीचे खांब, कुणी केलेत का?