माउंजारोचा राहिलेला डोस आणि मळमळ

> "माउंजारोचा रविवारचा डोस गावी गेल्यामुळे राहिला, आज बुधवार. आता घेऊ का? आणि मळमळ होते, बंद करू का?"

आज घेऊन टाका. माउंजारोला चार दिवसांची, म्हणजे ९६ तासांची सवलत असते, त्यामुळे बुधवारी घेतला तरी पुढचा नेहमीसारखा रविवारीच, कारण दोन डोसमध्ये निदान ७२ तास गेले पाहिजेत आणि ते इथे जातात. शुक्रवारी आठवलं असतं तर सोडून द्यायचा, थेट रविवार. भरपाई म्हणून डबल डोस अजिबात नाही. (ओझेम्पिकचा हिशोब वेगळा, तिथे पाच दिवस.) दोन-तीन आठवडे सलग राहिले तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा खालच्या डोसपासून परत सुरू करतात.

पेन फ्रिजमध्ये ठेवा पण फ्रीझरच्या खाली चिकटवून नको, एकदा गोठलं की वितळलं तरी फेकायचं. चार डोसचं क्विकपेन एकदा वापरलं की ३० अंशांच्या आत ३० दिवस चालतं, सुई दर वेळी काढून ठेवायची.

मळमळ बहुतेक डोस वाढवल्यावर होते आणि हळूहळू कमी होते, तेलकट टाळा, पोट भरलं वाटलं की ताटात उरलं तरी उठा. त्रास टिकला तर डोस वाढवणं पुढे ढकलता येतं, डॉक्टरांशी बोला. पण पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, किंवा पोटात जोराची न थांबणारी कळ पाठीत जात असेल तर पुढचा डोस घेऊ नका, लगेच दवाखाना गाठा, स्वादुपिंडाला सूज असू शकते. सोबत ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवण जात नसेल तर शुगर तपासत राहा.