परीक्षेचा ताण : मुलांसाठी संच आणि पालकांसाठी गट (मदत हवी आहे)

शाईदौत
परीक्षेच्या आधीच्या सहा आठवड्यांसाठी एक उपक्रम आखतोय. मुलांना एक संच द्यायचा: दाबायचा चेंडू, सुगंधी मेणबत्ती, श्वसनाची कार्डं, मनातलं लिहायला वही. शिवाय आठवड्यातून एकदा मुलं आणि पालक एकत्र बसून बोलतील असा गट. संचात काय ठेवावं, काय काढावं? गट एकत्र घ्यावा की वेगळा?

रेघोटी
गट वेगळाच घ्या. समोर आई बसलेली असताना कुठलं मूल म्हणेल की मला आईच्या प्रश्नांचीच धास्ती वाटते?

आधी पालकांचा गट घ्या. आठ-दहा जण, सव्वा तास, खुर्च्या गोलाकार. गुणांची चर्चा आणि मुलांची तुलना बंद, हे पहिल्याच दिवशी सांगायचं. काम एकच: धीर देण्याचं चक्र तोडणं. मूल विचारतं, "मी नापास नाही ना होणार?" आपण म्हणतो, "छे, काहीतरीच!" पाच मिनिटं बरं वाटतं, मग तोच प्रश्न परत. दर वेळी मूल शिकतं ते इतकंच की भीती वाटली की आईकडून उत्तर घेऊन यायचं.

पहिल्या आठवड्यात पालकांनी काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. मूल किती वेळा विचारतं आणि आपण "झालं का वाचून?" किती वेळा म्हणतो, याच्या फ्रिजवरच्या कागदावर रेघा. समजा, दिवसाला मुलाच्या बारा आणि आपल्या नऊ भरल्या. दुसऱ्या आठवड्यापासून अभ्यासाची चौकशी रोज एकदाच, ठरल्या वेळी, दहा मिनिटं. मुलाच्या प्रश्नाला ठरलेलं वाक्य: "भीती वाटतेय हे कळतंय मला, आणि ही भीती तू झेलू शकतोस असंही मला वाटतं." एवढंच. पुढे "पण अभ्यास केला असतास तर" जोडलंत की सगळं पाण्यात.

इथे एक अडचण ठरलेली आहे. पहिले चार-सहा दिवस मुलाचे प्रश्न कमी न होता वाढतात, रडारडही होते. पालक घाबरून जुन्या पद्धतीवर येतात आणि मूल शिकतं की जास्त ताणलं की उत्तर मिळतं. हे गटात आधीच सांगून ठेवा. पालकांवर काम करून मुलांची चिंता कमी करण्याची ही दिशा येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांच्या SPACE पद्धतीची. त्यांच्या २०२० च्या चाचणीत फक्त पालकांना भेटूनही मुलांना थेट उपचारांइतकाच फायदा झाला होता. पण ती चिंतेचा विकार असलेल्या मुलांवरची होती, तेव्हा परीक्षेच्या ताणाला जशीच्या तशी लावू नका.

पिंपळपान
मेणबत्ती आणि चेंडू काढा, नुसती शोभा. श्वसनाचं कार्ड मात्र हवंच. परीक्षेच्या सकाळी हातात द्यायचं, दहा खोल श्वास घेतले की मन शांत!

रेघोटी
कार्डाबद्दल अर्धं बरोबर. त्या सकाळी पहिल्यांदाच केलं तर मुलं घाईघाईत जोरजोरात श्वास घेतात, चक्कर येते, हातांना मुंग्या येतात, मग आणखी घाबरतात. आधी तीन आठवडे रोज पाच मिनिटं सराव हवा: चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पोट हलेल असा पण फार खोल नाही. कार्डावर "बाहेर सोडणं लांब" हे तीन शब्द पुरेत.

वही ठेवा. परीक्षेआधी दहा मिनिटं भीती लिहून काढण्याचा फायदा रामिरेझ आणि बाइलॉक यांनी २०११ मध्ये दाखवला होता. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तो तसाच दिसलेला नाही. ऐच्छिक ठेवा, आणि पालकांनी वही उघडायची नाही हे लेखी घ्या.

ओंजळ
माझ्या मुलीच्या परीक्षेला आठवडा उरलाय. लक्षात राहण्यासाठी एखादं टॉनिक संचात असेल तर नाव सांगाल का?

रेघोटी
ओंजळताई, धागा औषधांचा नाही, आणि कुणी टॉनिक सुचवलंच तर आधी डॉक्टरांना विचारा. या आठवड्यात झोप कापू नका. आणि पुस्तक मिटून तिला आठवेल ते कागदावर लिहायला सांगा, मग ताडून पाहू दे. नुसतं परत परत वाचलं की येतंय असं वाटत राहतं.

तळटीप
मुलांच्या गटाचं काय? माझ्या मते तो घेऊच नये. घाबरलेली दहा पोरं एकत्र बसली की एकमेकांची भीती उचलतात.

रेघोटी
धोका खरा आहे. त्याच त्या काळजीवर मैत्रीत घोळत राहिलं की मैत्री घट्ट होते आणि चिंताही वाढते, हे अमांडा रोझ यांनी २००२ पासून मांडलंय. म्हणून बोलणं पंधरा मिनिटं, उरलेला वेळ एका कृतीला: पेपरातला न येणारा प्रश्न सोडून पुढे कसं जायचं, घड्याळ लावून त्याचा सराव. मूल स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा जगायचं नाही असं बोललं, तर विषय गटात ठेवायचा नाही. त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी पालक आणि तज्ज्ञांपर्यंत न्यायचं. ते कोण, हे पहिल्या बैठकीआधीच ठरवून ठेवा.

तळटीप
तरी मला पटत नाही. सराव वर्गातही होतो, त्याला गट कशाला?

शाईदौत
मेणबत्ती आणि चेंडू काढतो, आधी पालकांचा गट. एक अडतंय: घरातून आईच आली आणि बाबा घरी "किती झालं?" विचारतच राहिले, तर?

रेघोटी
मग रेघांच्या कागदावर बाबांचा वेगळा रकाना ठेवा, आणि रेघा त्यांनीच मारायच्या. आईने मोजल्या तर भांडण होतं. ते कागदाला हातच लावत नसतील तर मात्र माझ्याकडे खात्रीचा उपाय नाही. कुणी वेगळं काही करून पाहिलंय का?