विषय: बिलावरची २ टक्के सवलत सोडली तर वर्षाचं व्याज किती पडतं?

सुनीता:
नमस्कार मंडळी,
आमचा छपाईचा छोटा व्यवसाय आहे. कागदाच्या पुरवठादाराच्या बिलावर 2/10, net 30 असं लिहिलेलं असतं. बिलाच्या तारखेपासून दहा दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम. आताचं बिल ५०,००० चं आहे आणि हातात रोकड नाही. ओव्हरड्राफ्ट मिळतो, पण १२ टक्क्यांनी. २ टक्के वाचवायला १२ टक्के मोजायचे हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो. बरोबर ना?

प्रशांत:
नाही ताई. १२ टक्के वर्षाचे आहेत, २ टक्के एका महिन्याचे. दोनाला बाराने गुणा, २४ टक्के झाले. ओव्हरड्राफ्टच्या दुप्पट! सूट घ्याच.

मधुकरकाका:
प्रशांतचा सल्ला योग्य आहे, पण आकडा फार कमी धरलाय. सुनीता, पहिले दहा दिवस पुरवठादार तुला तसेही फुकट देतोय. सूट सोडून तुला जास्तीचे मिळतात ते फक्त दहाव्यापासून तिसाव्या दिवसापर्यंतचे वीस दिवस. शिवाय दहाव्या दिवशी तुझं खरं देणं ५०,००० नाही, ४९,००० आहे. म्हणजे ४९,००० वीस दिवस वापरायचे आणि त्यासाठी १,००० मोजायचे:

```
1000 / 49000 = 2.04%
2.04% × 365 / 20 = 37.2%
```

आता ओव्हरड्राफ्ट बघ. ४९,००० वर वीस दिवसांचं १२ टक्क्यांनी व्याज साधारण ३२२ होतं. ३२२ देऊन १,००० वाचतात. पैसे मात्र तिसऱ्या दिवशी देऊ नकोस, दहाव्या दिवशी दे. आधी देऊन सूट वाढत नाही, व्याज तेवढं वाढतं.

आणि दहावा दिवस हुकलाच, तर घाईने पंधराव्या दिवशी चेक देऊन मोकळी होऊ नकोस. ही चूक मी हिशेबाच्या कामात फार वेळा पाहिली. सूट तर गेलेलीच असते, मग पाच दिवसांसाठी १,००० मोजल्यासारखं होतं. तो दर वर्षाला १४९ टक्क्यांच्या घरात जातो. हुकली की सरळ तिसावा दिवस धरायचा.

वैशाली:
काका, म्हणजे हा उशिराचा दंडच ना? आमचा पुरवठादार उशीर झाला की महिन्याला दीड टक्का लावतो, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात आम्ही तीस दिवसांचं बिल ४५ व्या दिवशी भरतो, अजून कुणी काही बोललेलं नाही.

मधुकरकाका:
दंड वेगळा, वैशाली. तिसाव्या दिवशी भरलंस तर उशीर झालेलाच नसतो, तरी सूट गेल्याची किंमत पडतेच. तुझ्या पद्धतीने सुनीताला वीसऐवजी ३५ दिवस मिळतील आणि दर २१ टक्क्यांवर येईल, हे खरं. पण दीड टक्क्याचा तो दंड लावलाच, तर अर्ध्या महिन्याचे ३७५ वाढतात आणि दर पुन्हा २९ च्या पुढे जातो. दंड नाही लावला तरी ठरल्या तारखेला पैसे न देणाऱ्याला पुढे ही अट मिळतेच असं नाही. मी असं सुचवणार नाही.

वैशाली:
आमच्या धंद्यात सगळेच थांबतात, काका. २१ टक्के म्हणजेही जास्तच, हे मात्र आज कळलं.

प्रशांत:
काका, वीस दिवस आणि ४९,००० हे पटलं. पण दर बिलाला हेच चालू राहिलं तर चक्रवाढ धरायला नको का? मी मांडून पाहिलं:

```
(1 + 2/98)^(365/20) - 1 = 44.6%
```

मधुकरकाका:
वर्षभर चालणार असेल तर तुझा आकडा चूक नाही. पण बँक १२ टक्के सांगते ते सरळ दराने. शेजारी ठेवायचा तर सरळ दराचाच, ३७.

प्रशांत:
बँक तरी दर महिन्याला व्याज मुद्दलात मिळवतेच की! दोन्ही बाजूंना चक्रवाढ लावायला हवी. यावर माझं मत बदललेलं नाही.

सुनीता:
ओव्हरड्राफ्ट १२ चा १३ झाला तरी माझा निर्णय तोच राहतो, म्हणून तुमचा वाद चालू द्या. मी दोन गोष्टी तपासल्या. शाईवाल्याची अट 1/10, net 60 आहे. एक टक्का, पण मुदत पन्नास दिवस जास्त. ९९ वर १, गुणिले ३६५ भागिले ५०, म्हणजे ७.४ टक्केच. तिथे सूट सोडून साठाव्या दिवशी पैसे देणार. कागदाच्या बिलात २,००० वाहतुकीचे आहेत आणि त्यांच्यावर सूट नाही, असं तळाशी बारीक अक्षरात सापडलं. म्हणजे सूट ९६० ची, देणं ४९,०४०, दर ३५.७. तरीही ओव्हरड्राफ्टच परवडतो. आता प्रश्न एकच: दहावा दिवस रविवारी येतोय. पैसे शुक्रवारी पाठवू, की सोमवारी पोचलेले चालतील?

मधुकरकाका:
शुक्रवारी पाठव. सोमवार चालेल असं पुरवठादाराने लेखी दिलं तरच थांब.